लॉकपिकिंग आणि हॅकिंगचे मिनीगेम: कुलूप ‘अवघड’ नव्हे, मुकं असतं. या चुका टाळा

प्लेटेस्टमध्ये खेळाडू म्हणतो, “हे कुलूप फार अवघड आहे,” आणि डिझायनर लगेच स्वीट स्पॉट, म्हणजे कुलूप उघडणारी जागा, रुंद करून टाकतो. पुढच्या फेरीत तोच खेळाडू म्हणतो, “आता फार सोपं झालं, पण कंटाळवाणं आहे.” दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: फसलेल्या प्रयत्नातून खेळाडूच्या हाती काही लागत नाही. रुंदी वाढवली की नशिबाने उघडण्याची शक्यता वाढते, पण कुलूप मुकंच राहतं.

इथे उदाहरण घेऊ ‘स्कायरिम’ (2011) आणि ‘फॉलआउट 3’ (2008) मधल्या फिरत्या कुलपाचं, कारण नवे डिझायनर सर्वात आधी त्याचीच नक्कल करतात. लॉकपिक एका कोनात ठेवायची आणि कुलूप फिरवायचं. कोन बरोबर असेल तर ते पूर्ण फिरतं. जवळपास असेल तर थोडं फिरून अडतं. अडल्यावरही जोर लावत राहिलात तर लॉकपिक मोडते.

पहिली चूक: ‘थोडं फिरणं’ वगळणं, किंवा त्याचं माप अंदाजाने ठरवणं

लॉकपिक -90 ते +90 अंशांत फिरते, म्हणजे एकूण 180 अंश. स्वीट स्पॉट 12 अंशांचा धरू, म्हणजे केंद्राच्या दोन्ही बाजूंना 6-6. कुलूप फक्त ‘उघडलं’ किंवा ‘नाही उघडलं’ एवढंच सांगत असेल, तर एका टोकापासून 12-12 अंशांनी सरकत जावं लागतं. त्यात जास्तीत जास्त 15 प्रयत्न लागतात, सरासरी 8. यात कौशल्य काहीच नाही, नुसतं चाचपडणं आहे.

आता स्वीट स्पॉटच्या दोन्ही बाहेरच्या बाजूंना 30-30 अंशांचा ‘जवळ आलास’ सांगणारा पट्टा ठेवा:

```
d = abs(pick - center)
if d <= half:          # half = 6
    limit = 90
else:                  # partial = 30
    limit = max(4, 90 * (1 - (d - half) / partial))
```

`limit` म्हणजे कुलूप किती अंश फिरू द्यायचं. केंद्रापासून 36 अंशांच्या आत कुठेही लॉकपिक असली तरी कुलूप आता काहीतरी बोलतं. म्हणून 0, 60 आणि -60 या तीन जागा तपासल्या की अख्खी 180 अंशांची रुंदी चाचपून होते.

प्रत्यक्ष चालवून पाहू. केंद्र 40 वर आहे. खेळाडू 0 वर प्रयत्न करतो. अंतर 40, म्हणजे पट्ट्याबाहेर, त्यामुळे कुलूप जेमतेम 4 अंश हलतं. मग तो 60 वर जातो. अंतर 20, म्हणून कुलूप 48 अंश, साधारण अर्धं फिरतं. आता त्याला कळतं की जागा इथून वीसेक अंशांवर आहे, म्हणजे 40 वर किंवा 80 वर. तो 80 करून पाहतो, पुन्हा 4 अंश. मग 40, आणि कुलूप उघडतं. एकूण चार प्रयत्न झाले. केंद्र कुठेही असलं तरी या पद्धतीने पाचाच्या वर जात नाही, आणि यातला एकही प्रयत्न वाया गेलेला नाही.

पट्ट्याची रुंदी मात्र डोळ्यांच्या हिशेबाने ठरवा. 30 अंशांच्या पट्ट्यात लॉकपिक 1 अंश सरकली की कुलूप 3 अंश जास्त किंवा कमी फिरतं. स्वीट स्पॉटची 6 अंशांची सूट पडद्यावर 18 अंशांच्या फरकासारखी दिसते, आणि तेवढा फरक डोळ्यांना सहज कळतो. ‘खेळाडूला मदत म्हणून’ पट्टा 80 अंशांचा केलात तर तीच सूट पडद्यावर जेमतेम 7 अंशांची होते. मग कुलूप सगळीकडे थोडंथोडं फिरतं आणि कुठे जास्त फिरलं ते समजत नाही. उलट, पट्टा 4 अंशांवर आणला तर एकूण बोलका भाग 20 अंशांचाच उरतो, आणि तो सापडेपर्यंत नऊ जागा तपासाव्या लागतात. अवघड कुलपासाठी आधी स्वीट स्पॉट बारीक करा. पट्ट्याला हात लावायचा तो शेवटी.

लॉकपिक मोडण्याचा हिशेब

सर्वात जास्त चिडचिड इथे होते, आणि चूक बहुधा एका ओळीची असते. कुलूप अडलेलं दिसणं आणि बोट बटणावरून उचललं जाणं यात माणसाला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतोच. 0.3 सेकंद धरू. लॉकपिकची ताकद 0.6 सेकंदांची असेल आणि अडल्या क्षणापासून ती झिजायला लागली, तर सावध खेळाडूचीही लॉकपिक दुसऱ्याच फसलेल्या प्रयत्नाला मोडते. त्याने काहीही चुकीचं केलेलं नसतं. शिक्षा त्याच्या घाईला न होता त्याच्या मज्जातंतूंना होते.

उपाय म्हणजे अडल्यानंतर पहिले 0.25 सेकंद सूट द्यायची. मग प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाला फक्त 0.05 सेकंदाची झीज होते आणि वरच्या उदाहरणातलं कुलूप एकही लॉकपिक न मोडता उघडतं. जो दामटून धरतो त्याची लॉकपिक 0.85 सेकंदात जाते. सावधपणा आणि दांडगाई यांत खेळाने फरक केला पाहिजे, तो असा होतो.

या सुटीला एक पळवाट आहे, ती बुजवा. बटण भराभर टिचकवत लॉकपिक सरकवत गेलं तर प्रत्येक टिचकी सुटीतच संपते आणि झीज शून्य राहते. म्हणून कुलूप अडलं की सुरुवातीलाच 0.05 ची ठरावीक झीज वजा करा. आणि कुलपातून बाहेर पडून परत आत आल्यावर लॉकपिक कोरी करकरीत होऊ देऊ नका. हे तपासायला अर्धं मिनिट पुरतं, तरी ते राहून जातं.

झीज फ्रेममागे मोजणं ही त्याहून जुनी चूक. `health -= 0.01` असं प्रत्येक फ्रेमला लिहिलं तर 60 फ्रेमच्या पडद्यावर बरोबर वाटणारी लॉकपिक 144 फ्रेमच्या पडद्यावर 2.4 पट लवकर मोडते. झीज सेकंदामागे ठरवा आणि नेहमी `delta` ने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने, गुणा. “माझ्या मशीनवर लॉकपिका टिकतच नाहीत” अशी तक्रार फक्त महागड्या पीसीवाल्यांकडून यायला लागली की आधी हीच ओळ बघा.

केंद्र निवडताना आणि कंट्रोलर जोडताना

केंद्र -90 ते +90 मध्ये कुठेही पडू दिलं तर टोकावर पडलेल्या केंद्राचा अर्धा स्वीट स्पॉट मर्यादेबाहेर जातो आणि ते कुलूप गुपचूप दुप्पट अवघड होतं. केंद्र -84 ते +84 मध्येच ठेवा. एक चाचणी जरूर करा: लॉकपिक न हलवता, 0 वरच ठेवून 200 कुलपं फिरवा. 168 अंशांत 12 अंश म्हणजे साधारण 14 कुलपं उघडायला हवीत. चाळीस उघडली तर तुमचं रँडम मधल्या भागात गर्दी करतंय, आणि खेळाडूंना ते तुमच्याआधी कळतं.

केंद्र कुलपाच्या आयडीवरून आणि त्या सेव्हच्या बीजावरून ठरवा. लोड केल्यावर ते बदलत असेल तर खेळाडू विचार करणं सोडून सेव्ह-लोडचा धडाका लावतो.

कीबोर्डवर एका टिचकीत लॉकपिक 5 अंश सरकत असेल आणि सर्वात अवघड कुलपाचा स्वीट स्पॉट 4 अंशांचा असेल, तर काही कुलपं कीबोर्डवर कधीच उघडणार नाहीत. सर्वात लहान पाऊल सर्वात लहान स्वीट स्पॉटच्या निम्म्याहून कमी ठेवा. ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ (2018) मध्ये एका हाताने बिंदू धरून दुसऱ्या हाताने कुलूप फिरवायचं होतं. माउसवर ते जमायचं, कंट्रोलरवर लोक वैतागले, आणि नंतर सोपी पद्धत द्यावी लागली. दोन्ही साधनं पहिल्या आठवड्यापासून टेबलावर हवीत.

जग थांबवावं का?

स्टेल्थ खेळात माझं मत स्पष्ट आहे: थांबवू नये. ‘थीफ’ (1998) मध्ये दोन प्रकारच्या लॉकपिका आलटून पालटून लावाव्या लागत, आणि तेवढ्यात मागून पहारेकऱ्याची पावलं ऐकू येत. तिथे कुलूप स्वतः फार अवघड नसलं तरी चालतं, कारण ताण जगातून येतो. ‘बायोशॉक’ (2007) ने हॅकिंगच्या वेळी सगळं थांबवून पाइप जोडायला लावले. दुसऱ्या भागात (2010) तेच काम चालत्या जगात, रंगीत पट्ट्यांवरून सरकणाऱ्या काट्याने केलं, आणि लढाईच्या मध्येच हॅक करायचं की नाही हा खरा निर्णय झाला. जग थांबवायचंच असेल तर एका कुलपाचा वेळ मोजा. 150 कुलपं, प्रत्येकी 15 सेकंद, म्हणजे 37 मिनिटं खेळाडू तेच एक चित्र बघत बसणार.

टर्मिनलच्या शब्दांची यादी

‘फॉलआउट 3’ च्या टर्मिनलमध्ये एकाच लांबीचे शब्द दिसतात आणि त्यांतला गुप्त शब्द ओळखायला चार प्रयत्न मिळतात. चुकला तर किती अक्षरं जागच्या जागी जुळली ते कळतं. इथेही प्रश्न तोच, फसलेला प्रयत्न काय सांगतो. दहा शब्द असे निवडले की कुणाचं कुणाशी एकही अक्षर जुळत नाही, तर प्रत्येक उत्तर ‘शून्य’ येतं आणि एका वेळी एकच शब्द बाद होतो. चार प्रयत्नांत उघडण्याची शक्यता बरोबर 40 टक्के, म्हणजे नुसता जुगार. यादी तयार करताना गुप्त शब्दाशी तुलना करून पाहा: काहींचं एक अक्षर जुळावं, काहींची दोन, काहींची तीन. उत्तरं अशी विखुरली की दुसऱ्या प्रयत्नानंतर दोन-तीनच शब्द उरतात.

त्याच खेळात तीन प्रयत्न करून बाहेर पडलं आणि परत आत गेलं की नवे शब्द आणि नवे चार प्रयत्न मिळत. मग कुलूपबंद होण्याची भीती उरतच नाही. उरलेले प्रयत्न टर्मिनलच्या नोंदीत ठेवा, पडद्याच्या नोंदीत नकोत.

हाच खेळ मराठीत करणार असाल तर आणखी एक खड्डा आहे. ‘पाणी’ आणि ‘पाटी’ यांत किती अक्षरं जुळतात? वाचणारा म्हणेल दोनपैकी एक, ‘पा’. प्रोग्रॅम साध्या `len()` ने मोजला तर प, काना, ण, वेलांटी असे चार तुकडे करतो आणि चारपैकी तीन जुळले म्हणतो. पडद्यावर ‘3’ दिसलं की खेळाडूचा तर्कच कोलमडतो, कारण त्याला शब्दात तीन अक्षरं दिसतच नाहीत. शब्द अक्षरांत तोडून मगच तुलना करा. जोडाक्षरं वेगळी तपासा, कारण युनिकोड 15.1 च्या आधीच्या नियमांवर चालणाऱ्या लायब्ररी ‘क्ष’ चे दोन तुकडे करतात. ‘क्षमा’ हा शब्द चाचणीत घाला: उत्तर दोन यायला हवं. तीन आलं तर लायब्ररी जुनी आहे, पाच आलं तर तुलना अजून `len()` वरच चालली आहे.