‘तेवढं करून द्या की’ला दर लावला

शाहूपुरीतल्या एका गूळ अडत्याचं बिलिंग सॉफ्टवेअर बनवून द्यायचं १८,००० रुपयांत ठरलं. शेतकऱ्याची पट्टी, हमाली-तोलाई, उधारी, बास. मग सुरू झालं, “दादा, तेवढं बिल व्हॉट्सॲपवर जाऊ दे की!” असे पाच बदल फुकट केले, अकरा दिवस गेले. सहाव्या बदलाला तोंडावर नाही म्हणवेना (माझी जुनी खोड), म्हणून म्हटलं, “खर्च संध्याकाळी सांगतो.”

ठरलेली यादी काढली. यादीतलं चालत नसेल तर दुरुस्ती फुकट. यादीबाहेरचं असेल तर तासाला ४००, निम्मे आगाऊ. सहावा बदल यादीबाहेरचा: दोन दुकानांचा हिशेब एकत्र करायला नऊ तास, म्हणजे ३,६००. आधीचे पाच बदलही कागदावर लिहिले, पुढे शून्य रुपये. शेठ म्हणाले, “राहू दे मग.” आठवड्याने १,८०० आले.