टेबल फॅन मान हलवत नाही? नवा गिअर आणण्याआधी या चुका टाळा

उन्हाळा लागला की सांगलीत दुरुस्तीला येणाऱ्या टेबल फॅनमध्ये एक तक्रार ठरलेली असते. पाती जोरात फिरतात, वारा झकास येतो, पण मुंडकं मात्र एकाच कोपऱ्याकडे तोंड करून उभं. घरातलं कोणीतरी मागचा नॉब दोन-चारदा वर-खाली करून बघतं, मग "गिअर गेला" म्हणत नवा आणून बसवला जातो. काही दिवस मान हलते आणि पुन्हा तेच. मग शिव्या गिअरच्या मालाला. माल हलका असतोही कधी कधी, पण बहुतेक वेळा पहिला गिअर ज्या कारणानं गेला त्याच कारणानं दुसराही जातो, आणि ते कारण कोणी बघितलेलंच नसतं.

आत काय चालतं ते आधी थोडक्यात. मोटरच्या दांड्याच्या मागच्या टोकाला स्क्रूसारखे आटे कापलेले असतात, त्याला वर्म म्हणतात. तो एका प्लास्टिकच्या किंवा फायबरच्या मोठ्या गिअरला फिरवतो. त्या गिअरच्या मधून नॉबचा उभा दांडा जातो. नॉब खाली दाबला की काही पंख्यांत दोन छर्रे आणि काहींत एक आडवी पिन गिअरला दांड्याशी जोडते. दांड्याच्या खालच्या बारीक दात्यांवर दुसरा गिअर, त्याच्या टोकाला बाहेर एक चकती, आणि चकतीपासून मानेपर्यंत लोखंडी पट्टी. मोटर मिनिटाला हजाराच्या वर फेरे मारते आणि मान मिनिटाला जेमतेम पाच-सहा वेळा जाऊन येते. एवढा वेग उतरवताना जोर खूप वाढतो. म्हणून मान कुठे अडली तर मोटर थांबत नाही, प्लास्टिक खरवडलं जातं.

न बघताच गिअर बॉक्स उघडणं

पेचकस हातात घेण्याआधी नॉबच्या कडेला खडूचा एक ठिपका द्या, नॉब दाबा आणि पंखा कमी वेगावर सुरू करा. चालू गिअर बॉक्समध्ये नॉब स्वतःभोवती सावकाश फिरतो, हे वर्षानुवर्षं पंखा वापरणाऱ्यांच्याही लक्षात आलेलं नसतं. ठिपका नीट फिरतोय आणि मान स्थिर असेल, तर मोठा गिअर शाबूत आहे. दोष खाली आहे: दुसरा गिअर, चकतीचा सैल स्क्रू किंवा पट्टीचा निसटलेला स्क्रू. यातले शेवटचे दोन फुकटात दुरुस्त होतात. ठिपका जागचा हललाच नाही, तर एकतर दाते गेलेत किंवा पिन तुटली आहे, छर्रे असतील तर ते धरत नाहीत.

या दोघांतलं कोणतं, ते झाकण काढल्यावर कळतं. प्लग काढलेला असू द्या, कंपॅसिटरच्या तारांना हात लावू नका. पाती हातानं फिरवा. गिअर फिरतोय पण मधला दांडा उभाच, म्हणजे पिन किंवा छर्रे. वर्म नुसताच फिरतोय आणि गिअर ढिम्म, म्हणजे दाते.

काढलेला गिअर फेकून देणं

मला विचाराल तर सगळ्यात महागाची चूक हीच. जुना गिअर कापडानं पुसून उजेडात धरा. दाते सगळ्या बाजूंनी सारखेच झिजलेले असतील, तर वर्म गंजलेला किंवा खरखरीत झालेला असतो. नाहीतर मोटरचा मागचा बुश सैल होऊन दांडा खाली-वर हलत असतो. दांडा बोटांनी उचलून बघा, खेळ जाणवला तर आधी बुश बदला. याउलट एकाच जागी तीन-चार दाते खोबणीसारखे कापले गेलेत आणि बाकीचे नव्यासारखे आहेत, तर मान अडली होती. गिअर पुढे सरकेना, म्हणून वर्म एकाच ठिकाणी घासत राहिला.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडत दुकानातला पंखा असाच आला होता. मालकांनी दुसऱ्यांदा बसवलेला गिअरही गेला होता, आणि दोन्ही गिअर जपून ठेवले होते हे फार बरं केलं. दोघांवर एकाच जागी खोबण, बाकीचे दाते कोरे. पट्टीचा स्क्रू काढून मान मोकळी केली आणि हातानं फिरवली, तर दोन्ही हात लावावे लागले. पट्टी सोडल्यावर चांगली मान एका बोटानं दोन्हीकडे जाते. इथं मानेच्या खिळीत तेल वाळून त्यावर हळदीची भुकटी बसली होती आणि तिचा पिवळा-काळा लेप दगडासारखा घट्ट झाला होता. मोटर मानेतून उचलून काढली, खिळी रॉकेलनं धुतली, बारीक पॉलिश पेपरनं घासली, नवं ग्रीस लावलं. छर्रेही जुन्या ग्रीसमध्ये चिकटून बसले होते. एरवी मान अडली की छर्रे टक-टक करत सुटतात आणि गिअर वाचतो. इथं तेही जागचे हलत नव्हते. ते साफ करून मगच तिसरा गिअर बसवला.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या पंख्यांचंही असंच. वाळवून मोटर चालू झाली की लोक खूश होतात, पण गिअर बॉक्समधला आणि मानेतला गाळ तसाच राहतो.

नवा भाग अंदाजानं आणणं

"टेबल फॅनचा गिअर द्या" एवढ्यावर दुकानदार जो देईल तो बसेलच असं नाही. जुना गिअर घेऊन जा. दात्यांची संख्या, मधल्या भोकाचा माप आणि दाते कोणत्या बाजूला तिरके आहेत, हे तिन्ही जुळायला हवं. उलट तिरका गिअर बसल्यासारखा वाटतो आणि लवकरच भुगा होतो.

पिनेच्या जागी खिळ्याचा तुकडा ठोकणं हा घरोघरचा उपाय. खिळा सैल बसतो आणि दांड्याचं भोक मोठं करतो, मग दांडाच बदलावा लागतो. तुटलेले दाते गोंदानं चिकटवण्यात तर वेळसुद्धा घालवू नका.

तेल ओतणं, ग्रीस ठासणं

खोबरेल तेल किंवा गाडीचं ऑइल गिअर बॉक्समध्ये टिकत नाही. ते दांड्यावरून मोटरच्या वाइंडिंगकडे उतरतं आणि धूळ धरून ठेवतं. जुनं ग्रीस प्लास्टिकच्या भुग्यासकट पुसून काढा, कारण तोच भुगा नव्या दात्यांना घासतो. मग दात्यांना माखेल एवढंच लिथियम ग्रीस लावा.

बसवताना चकतीचा स्क्रू दांड्याच्या सपाट बाजूवरच टेकला पाहिजे, गोल बाजूवर आवळला तर तो घसरतो. मानेतून जाणाऱ्या वायरला थोडी ढील ठेवा, मान दोन्ही टोकांना नेऊन वायर ताणत नाही ना ते बघा. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा: मुंडकं हातानं वळवायचं असेल तर आधी नॉब वर ओढायचा. दाबलेल्या नॉबवर जोरानं मान फिरवणं हा पिन मोडण्याचा हमखास रस्ता आहे.

वर्मच झिजून धारदार झाला असेल, तर गिअर बदलून उपयोग नाही. वर्म रोटरच्या दांड्यावरच कापलेला असतो, त्यामुळे रोटर बदलावा लागतो, आणि जुन्या पंख्यात तो खर्च बहुधा परवडत नाही. मोटर चांगली असेल तर नॉब वर ओढून पंखा एका जागी वारा देत खुशाल चालवा. अडकलेला भुगा तेवढा आधी साफ करून घ्या.