मुदत ठेवीच्या माहितीपत्रकातला आकडा घरच्या घरी कसा पडताळायचा

मार्चमध्ये मावशीने सांगलीच्या मार्केट यार्डात हळद घातली. पट्टी हातात आली आणि त्यातले दोन लाख पाच वर्षांसाठी ठेवायचे तिने ठरवले. येताना एका बँकेचं माहितीपत्रक घेऊन आली. वर ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘२ लाखांचे ५ वर्षांत २,९७,१८९! वार्षिक परतावा ९.७२ टक्के’. मावशी म्हणाली, "बघ रे, पावणेदहा टक्के देतायत." मी पत्रक उलटं केलं. मागच्या तक्त्यात पाच वर्षांसमोर ७.५० लिहिलं होतं.

एकाच कागदावर दोन टक्केवाऱ्या असतील, तर आकडेमोडीला बसण्याआधी त्यातला व्याजदर कोणता ते नक्की करा. व्याजदर मागच्या तक्त्यातला. पुढचा ‘परतावा’ निघतो तो असा: पाच वर्षांचं सगळं व्याज घ्यायचं, त्याला पाचने भागायचं आणि येणारी रक्कम मूळ मुद्दलाशी ताडायची. म्हणजे व्याजावर मिळालेलं व्याजही मुद्दलावरच मिळालं असं धरायचं. त्यामुळे मुदत वाढेल तसा हा आकडा आपोआप फुगतो. दर ८ टक्के आणि चक्रवाढ दर तिमाहीला असेल, तर एका वर्षाचा परतावा ८.२४ टक्के दिसतो, पाच वर्षांचा ९.७२ आणि दहा वर्षांचा १२.०८. बँक तिन्ही वेळा त्याच दराने व्याज देत असते. म्हणून दोन बँकांची तुलना करताना परतावा बाजूला ठेवावा आणि दराशी दर लावावा. खरोखर ९.७२ टक्क्यांनी वर्षाला चक्रवाढ झाली असती, तर मावशीचे दोन लाख ३,१८,०२३ झाले असते. पत्रक स्वतःच तेवढे कबूल करत नाही.

आता पत्रकातून चार गोष्टी शोधून कागदावर मांडा: रक्कम, व्याजदर, मुदत आणि व्याज किती दिवसांनी मुद्दलात मिळवतात ते. चौथी गोष्ट बहुधा तळाच्या बारीक अक्षरांत सापडते. आपल्याकडे बँका सहसा दर तीन महिन्यांनी चक्रवाढ करतात. तसं लिहिलेलं नसेल तर काउंटरवर विचारून घ्या, कारण ७.५ टक्क्यांवर वर्षातून एकदाच चक्रवाढ झाली तर दोन लाखांमागे पाच वर्षांनी २,८६४ रुपये कमी हातात येतात. ठेव ‘पुनर्गुंतवणूक’ प्रकारची आहे ना, हेही पाहा. दर महिन्याला किंवा तिमाहीला व्याज खात्यात घेतलं, तर चक्रवाढ होतच नाही.

मावशीचा हिशोब आम्ही ओट्यावर बसून केला. वर्षाला ७.५, तर तिमाहीला त्याचा चौथा भाग, म्हणजे १.८७५ टक्के. पहिल्या तिमाहीचं व्याज ३,७५०. दुसऱ्या तिमाहीचं व्याज २,०३,७५० वर धरायचं, ते झालं ३,८२०. इथवर मावशीने बोटांवर पडताळलं. अशा वीस तिमाह्या करत बसायची मात्र गरज नाही. साध्या कॅल्क्युलेटरवर असं करा.

१.०१८७५ ला १.०१८७५ ने गुणा. जे येईल त्याला त्यानेच गुणा. उत्तर येतं १.०७७१३५८, आणि हा झाला एका वर्षाचा गुणक. तो कागदावर लिहून ठेवा. आता या गुणकाला त्यानेच गुणलं की दोन वर्षांचा येतो, १.१६०२२१. त्याला परत त्यानेच गुणलं की चार वर्षांचा, १.३४६११४. त्याला एकदा एका वर्षाच्या गुणकाने गुणलं की पाच वर्षांचा, १.४४९९४८. याला दोन लाखांनी गुणा: २,८९,९९०.

दशांशाचे आकडे मध्येच तोडू नका. १.०१८७५ ऐवजी १.०१९ घेतलं तर उत्तर हजाराच्या वर चुकतं, आणि मग उगाच बँकेशी वाद होतो.

मोबाइलवर एक्सेल किंवा गूगल शीट असेल, तर एका ओळीत काम होतं:

```
=200000*(1+7.5%/4)^(4*5)
```

आमचं उत्तर २,८९,९९० आलं आणि पत्रकात २,९७,१८९ होते. फरक ७,१९९ रुपयांचा. एवढा फरक आला की उलटा हिशोब करावा. छापलेली रक्कम खरी धरायची आणि ती नेमक्या कोणत्या दराने येते ते काढायचं:

```
=4*((297189/200000)^(1/20)-1)
```

उत्तर आलं ०.०८, म्हणजे बरोबर ८ टक्के. मग पत्रक पुन्हा वाचलं. ७.५० च्या शेजारच्या रकान्यात ज्येष्ठ नागरिकांसाठी ८.०० होतं, आणि पुढच्या ठळक आकड्यावर बारीकशी चांदणी होती. म्हणजे तो आकडा ज्येष्ठांचा. आकडा खोटा नव्हता, पण मावशी छप्पन्न वर्षांची आहे, तेव्हा तो तिचा नव्हता. उलट्या हिशोबात दर असा नेमका पाव किंवा अर्धा टक्का पुढे निघाला, तर आधी ज्येष्ठांचा रकाना पाहा आणि मग पत्रकाची तारीख पाहा. दर बदलल्यावरही जुनी पत्रकं काउंटरवर पडून असतात. ठेव ज्या दिवशी ठेवाल त्या दिवशीचा दर लागतो.

आजकाल ४४४ दिवसांसारख्या ठेवी निघतात. तिथे पूर्ण तिमाह्यांवर चक्रवाढ आणि उरलेल्या दिवसांवर सरळव्याज अशी रीत आहे. दोन लाख, ७ टक्के, ४४४ दिवस असं घेऊ. पहिल्या वर्षाच्या चार तिमाह्यांनंतर २,१४,३७२ होतात. उरले ७९ दिवस. त्यांचं सरळव्याज म्हणजे २,१४,३७२ चे ७ टक्के, गुणिले ७९, भागिले ३६५. ते येतं ३,२४८. एकूण २,१७,६२०. हेच शीटमध्ये एका सूत्रात घातात बसवलं तर २,१७,६१६ येतात. चार-पाच रुपयांचा असा फरक पद्धतीचा असतो, तो सोडून द्यावा. शंभराच्या पुढचा फरक मात्र सोडू नये.

पत्रकातली रक्कम टीडीएस धरून नसते. एप्रिल २०२५ पासून एका बँकेतलं तुमचं वर्षाचं एकूण व्याज ५० हजारांच्या पुढे गेलं (ज्येष्ठांसाठी एक लाख), तर बँक कर कापते. हा कर ठेवीवर जमणाऱ्या व्याजातूनच गेला, तर पुढची चक्रवाढ उरलेल्या रकमेवर होते आणि शेवटचा आकडा छापल्यापेक्षा कमी येतो. मावशीचं व्याज वर्षाला पंधरा-वीस हजारांच्या आसपास आहे आणि त्या बँकेत तिची दुसरी ठेव नाही, म्हणून तिला हे लागू झालं नाही.

शेवटचा कागद म्हणजे ठेवीची पावती. ती काउंटरवरच उभं राहून वाचा: नाव, व्याजदर, देय तारीख, मुदतीअंती मिळणारी रक्कम. मावशी चिठ्ठीवर २,८९,९९० लिहून घेऊन गेली होती. कारकुनाने पावती छापून दिली, तिने चिठ्ठी शेजारी धरली, दोन्ही आकडे अंक-अंक जुळवले आणि मगच पावती पिशवीत ठेवली.