ठरल्याबाहेरचं काम वाढत गेलं, तर जादा पैशांचं पत्र कसं लिहावं

मी पॅकेजिंग डिझाइन करते. गेल्या मार्चमध्ये लालबागच्या एका मसालेवाल्या ताईंचं काम घेतलं होतं: चार मसाल्यांचे २०० ग्रॅमचे पाऊच, पुढची आणि मागची बाजू, दोन वेळा बदल, शेवटी छपाईची फाइल. पैसे ४८,००० रुपये, निम्मे आगाऊ. उन्हाळ्यातला मसाल्याचा सीझन तोंडावर होता, त्यामुळे त्यांनाही घाई. दोन वेळचे बदल झाले, चारही डिझाइनं मंजूर झाली. मग व्हॉट्सॲपवर एकेक मेसेज यायला लागला. "पन्नास ग्रॅमचंही करून द्या ना, तेच डिझाइन छोटं करायचंय." "इन्स्टाग्रामला टाकायला पाच-सहा पोस्ट." "लाल रंग अजून थोडा गडद." यातलं एकही मागणं वावगं नव्हतं, पण एकही आमच्या ठरलेल्या कामात बसत नव्हतं.

अशा वेळी "हो, बघते" एवढंही लिहू नका. समोरचा त्याचा अर्थ होकार असाच घेतो. "मेसेज मिळाला. ठरलेल्या कामाशी ताडून उद्या दुपारपर्यंत लेखी कळवते," एवढं पुरेसं आहे. मागणी फोनवर आली असेल, तर फोन ठेवल्यावर लगेच "आत्ता बोलल्याप्रमाणे तुम्हाला या तीन गोष्टी हव्या आहेत" असा मेसेज टाका. किंमत तेव्हा सांगू नका. लोकलच्या गर्दीत अंदाजाने सांगितलेला आकडा नंतर वाढवता येत नाही.

आधी मागण्या वेगळ्या करा

मूळ कोटेशन समोर ठेवून प्रत्येक मागणी तपासा. माझ्या हातून मागच्या बाजूला "धणे"चं "धने" झालं होतं. ती माझी चूक, तिचे पैसे नाहीत. परवाना क्रमांक ताईंनी उशिरा दिला, पण तो बसवायचा हे ठरलेलंच होतं, म्हणून तेही मूळ कामातच. मंजुरीनंतर रंग बदलणं हा मात्र तिसऱ्या वेळचा बदल, आणि छोटे पाऊच व पोस्ट ही सरळ नवी कामं. ही विभागणी प्रामाणिकपणे करा. आपल्या चुकीचे पैसे लावले, तर बाकीच्या रास्त आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

कोटेशनमध्ये कामाची यादीच नसेल, तर जुने मेसेज चाळून "आपलं ठरलं होतं ते असं" हे आधी लिहून पाठवा आणि त्यावर होकार घ्या. जादा पैशांचं पत्र त्यानंतरच.

मग आकडा काढा, आणि कारणासकट

माझा दर तासाला १,२०० रुपये. पन्नास ग्रॅमच्या एका पाऊचला अडीच तास, चारांना दहा, म्हणजे १२,००० रुपये. सहा पोस्टपैकी पहिलीला दोन तास, उरलेल्या पाचांना एकेक, असे सात तासांचे ८,४००. रंगाचा बदल चारही फाइलींवर करायला दीड तास, १,८००. एकूण २२,२००.

ग्राहक अडतो तो "छोटं करायला एवढे पैसे?" इथे, म्हणून ते कारण पत्रात हवंच. पाऊच नुसता आकसवून चालत नाही. वजन आणि किंमत यांच्या आकड्यांची किमान उंची नियमाने ठरलेली असते, शाकाहारी असल्याचं हिरवं चिन्ह आणि बारकोड वाचता येतील एवढे मोठे लागतात. जागा कमी झाली की मागची बाजू पुन्हा मांडावी लागते. हे दोन ओळींत सांगितलं, की बहुतेक ग्राहकांना पटतं.

पत्र

मी ईमेल पाठवते आणि तोच मजकूर व्हॉट्सॲपवरही टाकते, कारण ताई ईमेल रात्रीच उघडतात. मजकूर असा होता:

> नमस्कार ताई,
>
> चारही पाऊच मंजूर केल्याबद्दल आभार. "धणे"ची चूक माझी होती. ती दुरुस्त केली आहे, परवाना क्रमांकही बसवला आहे. या दोन्हींचे वेगळे पैसे नाहीत.
>
> तुम्ही सांगितलेली पुढची कामं आपल्या ४८,००० रुपयांच्या कोटेशनमध्ये नव्हती, म्हणून त्यांचा खर्च वेगळा देते:
>
> १. ५० ग्रॅमचे चार पाऊच: १२,००० रुपये. वजन, किंमत, हिरवं चिन्ह आणि बारकोड ठरावीक मापापेक्षा लहान करता येत नाहीत, म्हणून मागची बाजू नव्याने मांडावी लागेल.
> २. इन्स्टाग्रामच्या सहा पोस्ट: ८,४०० रुपये.
> ३. मंजुरीनंतर लाल रंगाचा बदल, चारही पाऊचवर: १,८०० रुपये.
>
> एकूण २२,२०० रुपये, निम्मे म्हणजे ११,१०० काम सुरू करताना. यासाठी कामाचे सहा दिवस लागतील. सीझनची घाई असेल तर सध्या फक्त १ आणि ३ करू, १३,८०० रुपयांत, चार दिवसांत. पोस्ट नंतर स्वतंत्रपणे घेता येतील.
>
> यातलं काहीच नको असेल, तर मूळ चार फाइली ठरल्याप्रमाणे शुक्रवारी देते. रंग बदलायचा असेल, तर तो छपाईचे सिलिंडर बनायला जाण्याआधीच ठरवावा लागेल. नंतरचा बदल तुम्हाला छापखान्याकडे फार महाग पडेल.
>
> बुधवारपर्यंत "१, २, ३ मान्य" किंवा "१ आणि ३ मान्य" एवढं उत्तर पाठवाल का?

यात "तुम्ही सारखं काम वाढवताय" असं कुठेही नाही. "जमलं तर बघा" किंवा "नंतर ॲडजस्ट करू" हेही नाही. पहिल्या वाक्याने माणूस दुखावतो, दुसऱ्याने पैसे ऐच्छिक वाटायला लागतात. "काहीच नको" हा पर्याय मात्र हवाच. तो नसेल, तर ठरलेलं काम अडवून पैसे मागताय असं वाटतं.

उत्तर येईपर्यंत

जादा कामाला हात लावू नका. हे मी नुकसान सोसून शिकले. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाची तीन जादा कामं आधी केली आणि बिलात दाखवली. "हे त्यातच होतं ना?" एवढं एकच उत्तर आलं, आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७०मध्ये फुकट करण्याचा हेतू नसलेल्या आणि समोरच्याने फायदा घेतलेल्या कामाचा मोबदला मागता येतो, पण त्यासाठी वकील गाठण्यापेक्षा आधीचा एक लेखी "मान्य" कितीतरी सोपा.

नुसता अंगठ्याचा इमोजी आला, तर "म्हणजे १ आणि ३, १३,८०० रुपये मान्य, बरोबर?" असं विचारून शब्दांत होकार घ्या. उत्तरच आलं नाही, तर मूळ काम चालू ठेवा आणि मुदतीनंतर एकदाच आठवण द्या.

ताईंचा फोन आला: "थोडं कमी करा ना." मी दर उतरवला नाही. "पहिलंच मोठं काम म्हणून सवलत ८०० रुपये" अशी वेगळी ओळ घालून १३,००० केले. दर उतरवला असता, तर पुढच्या कामाला तोच धरला गेला असता. बुधवारी संध्याकाळी "१ आणि ३ मान्य, १३०००" आलं. मी ६,५०० रुपयांचं आगाऊ बिल त्याच मेसेजच्या उत्तरात पाठवलं आणि पैसे जमा झाल्यावर पहिला छोटा पाऊच उघडला.