दोन आरोग्य केंद्रांतल्या सर्पदंशांची तुलना कशी करावी

खरीप संपला की तालुक्याच्या बैठकीत प्रश्न येतोच: नदीकाठच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडं साप चावल्याच्या केसेस जास्त येतात, तर तिथं प्रतिसर्पविष लसीचा साठा वाढवायचा का? आकडे लहान असतात. एकीकडं ७, दुसरीकडं १३. हा फरक खरा की योगायोगाचा, हे ठरवायला एक सोपी रीत आहे. त्यासाठी तालुक्यात 'साधारण किती दंश होतात' हा दर माहीत असण्याची गरजच पडत नाही.

समजा, माळावरच्या केंद्राखाली ३०,००० लोकसंख्या आहे आणि नदीकाठच्या केंद्राखाली २०,०००. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत माळावर ७ दंश नोंदले गेले, नदीकाठी १३, म्हणजे एकूण २०. (आकडे उदाहरणापुरते आहेत.)

आधी गृहीत धरा की दोन्हीकडं धोका सारखाच आहे. माणूस निंदायला गेला काय, पऱ्हाटीत फवारायला गेला काय, किंवा रात्री जागलीला गेला काय, कुणा एकाला साप चावण्याची शक्यता फार कमी असते. पण माणसं पुष्कळ, म्हणून मोजदाद पॉयसन वितरणाप्रमाणं चालते. माळावरची सरासरी 30000×r आणि नदीकाठची 20000×r. यातला r, म्हणजे माणशी दंशाचा दर, कुणालाच ठाऊक नाही. आता एकूण २० हा आकडा पक्का धरा आणि एवढंच विचारा की या वीसपैकी माळावर किती पडायला हवे होते. प्रत्येक दंश माळाच्या वाट्याला येण्याची संभाव्यता अशी:

```
p = 30000r / (30000r + 20000r) = 0.6
```

r वर-खाली कटून गेला. दंश एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर वीसपैकी माळावर पडणारी संख्या द्विपद वितरणाची होते: n = 20, p = 0.6. ही चाचणी प्रझिबोरोव्स्की आणि विलेन्स्की यांनी १९४० साली मांडली, तीही शेतीच्याच कामासाठी: क्लोव्हर या चाऱ्याच्या बियाण्यात अमरवेलीचं बी किती मिसळलंय, हे दोन नमुन्यांत ताडून पाहायला.

मोजणी

माळावर अपेक्षित २० × ०.६ = १२, आणि प्रत्यक्षात ७. धोका सारखा असताना ७ किंवा त्याहून कमी येण्याची संभाव्यता एक्सेल, लिब्रेऑफिस किंवा गूगल शीट्समध्ये एका सूत्रात निघते:

```
=BINOM.DIST(7,20,0.6,TRUE)
```

उत्तर ०.०२१ येतं. नदीकाठी जास्तच असणार असा अंदाज आकडे पाहण्याआधीपासून नव्हता, म्हणून दुसरी बाजूही धरावी आणि हा आकडा दुप्पट करावा: ०.०४२. योगायोगानं एवढं अंतर पडणं शंभरात चारेक वेळा. संशय घ्यायला पुरेसं आहे, पैज लावायला नाही.

इथं सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे p ला निम्मं धरणं. 'दोन केंद्रं, म्हणजे अर्धं-अर्धं' असं म्हणून 0.5 घातलं, तर तेच सूत्र ०.१३ देतं, दुप्पट केल्यावर ०.२६, आणि माणूस 'काही विशेष नाही' म्हणून रजिस्टर मिटतो. आकडे तेच, फक्त लोकसंख्येचा वाटा विसरला. नदीकाठी एक महिना नोंदच झाली नसेल, तर नुसती लोकसंख्या धरूनही भागत नाही. तेव्हा माणूस-महिने धरायचे: माळ ३०,००० × ४ = १,२०,०००, नदीकाठ २०,००० × ३ = ६०,०००, आणि p होतो दोन-तृतीयांश. अर्थात, माळाचीही मोजणी चारही महिन्यांची असली तरच. आणि गाळलेला महिना जुलैसारखा ऐन हंगामाचा असेल, तर हाही हिशेब ढळतो. मग दोन्हीकडचा तो महिनाच काढून टाकलेला बरा.

'फरक आहे' एवढ्यावर थांबू नये, किती पट आहे तेही सांगावं. दरहजारी दर नदीकाठी ०.६५, माळावर ०.२३, म्हणजे सुमारे २.८ पट. या २.८ ची हद्द काढायला नदीकाठच्या वाट्याची, म्हणजे वीसपैकी तेराची, ९५ टक्के मर्यादा घ्या:

```
=BETA.INV(0.025,13,8)
=BETA.INV(0.975,14,7)
```

०.४१ आणि ०.८५ येतात. प्रत्येकाला (1 − तोच आकडा) ने भागून 30000/20000 ने गुणलं की पटीची हद्द मिळते: साधारण १.०३ ते ८.२. बैठकीत हीच ओळ कामाची. खरी पट जेमतेम एक असू शकते, आठही असू शकते. लसीचा साठा ठरवणाऱ्याला हे दिसलं पाहिजे.

आकडा कुठं फसवतो

पहिला संशय रजिस्टरवर घ्यावा. केंद्रावर प्रथमोपचार करून पेशंट ग्रामीण रुग्णालयात पाठवला, की तोच माणूस दोन नोंदवह्यांत येतो. नाव, गाव आणि तारीख जुळवून दुहेरी नोंदी काढल्याशिवाय पुढं जाऊ नये, कारण वीसमधले दोन-तीन इकडचे तिकडं झाले की निकाल पालटतो. शिवाय, राहतं गाव एका केंद्राखाली आणि वावर दुसऱ्याखाली असलेले लोक पुष्कळ. लोकसंख्या राहत्या गावाची धरली असेल, तर दंशही राहत्या गावावरच टाकावा. साप बिनविषारी निघाला तर केस मोजायची का, हेही आधी ठरवून दोन्हीकडं सारखंच पाळावं.

दुसरी अडचण पावसाची वाटते, पण ती बहुधा अडचण नसते. जुलैत दंश वाढतात, सप्टेंबरात कमी होतात. हा चढ-उतार दोन्ही केंद्रांना सारख्या पटीनं लागत असेल, तर r जसा कटला तसा तोही कटतो. चारही महिन्यांत p ०.६ च राहतो. बिघडतं ते एका बाजूलाच काही घडलं तर: नदीकाठच्या नाल्याला पूर आला आणि दोन-चार दिवसांत घराघरांत साप शिरले. मग दंश घोळक्यानं येतात, ते स्वतंत्र राहत नाहीत, आणि ०.०४२ हा आकडा फरकाला फुगवून दाखवतो. ओळखायचं कसं? दोन्ही केंद्रांचे आठवड्याचे आकडे शेजारी मांडा. नदीकाठचे १३ हंगामभर विखुरलेले असतील तर ठीक. त्यातले सात एकाच आठवड्यातले आणि त्याच आठवड्यात माळ शांत असेल, तर तुम्ही पूर मोजताय, नदीकाठचा कायमचा धोका नाही.

ही दोन केंद्रं निवडली कशी, हेही विचारावं. तालुक्यातल्या बारा केंद्रांतून सर्वात जास्त आणि सर्वात कमी केसेसची जोडी आकडे बघून उचलली असेल, तर ०.०४२ ला अर्थ उरत नाही. बारांच्या ६६ जोड्या होतात. सगळीकडं धोका एकसारखा असला, तरी दोन-तीन जोड्या अशा सापडायच्याच.

आणि एकूण फारच कमी असेल, तर ही रीत बोलतच नाही. वरच्याच लोकसंख्येत पाच दंश झाले आणि पाचही माळावरचे निघाले, तरी त्याची संभाव्यता ०.६ चा पाचवा घात, म्हणजे ०.०७८, योगायोग नाकारायला ती पुरत नाही. पाचही नदीकाठचे असते, तर ०.४ चा पाचवा घात, ०.०१. म्हणजे पाच केसेसवर मोठ्या केंद्राविरुद्ध काहीच म्हणता येत नाही. अशा वेळी मागच्या दोन-तीन हंगामांची रजिस्टरं त्याच नियमानं मोजून एकूण वाढवावं. p मात्र त्या-त्या वर्षीच्या लोकसंख्येवरून आणि महिन्यांवरून पुन्हा काढावा.