अंड्याची ॲलर्जी की अंडं न पचणं? फरक कसा ओळखावा आणि पाकिटावरचं अंडं कसं शोधावं

समजा, नेरूळमधल्या एका घरात चार वर्षांच्या मुलीने बुर्जी खाल्ली आणि पंधरा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या, उलटी झाली. तिच्या बाबांना तीन अंड्यांचं ऑम्लेट खाल्लं की चार-पाच तासांनी पोट फुगतं, एका अंड्याने मात्र काही होत नाही. दोघांनाही 'अंडं सोसत नाही' असंच म्हटलं जातं. प्रत्यक्षात मुलीची लक्षणं ॲलर्जीची आहेत, तर बाबांना अंडं नीट पचत नसावं.

१. वेळ आणि प्रमाण लिहून ठेवा. ॲलर्जीत शरीराची प्रतिकारशक्ती अंड्यातल्या प्रथिनांवर उलटते. त्रास बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत सुरू होतो आणि त्याला एक घासही पुरतो. न पचण्याचा त्रास पोटापुरता राहतो आणि प्रमाणाबरोबर वाढतो. गांध्यांना 'पित्त उठलं' म्हणून आमसूल चोळलं जातं आणि ॲलर्जी नजरेतून सुटते. अगदी लहान बाळाला अंड्यानंतर एक ते चार तासांनी वारंवार उलट्या होऊन ते निस्तेज पडलं, तर तेही डॉक्टरांना लगेच दाखवा.

२. केक चालतो म्हणून निर्धास्त होऊ नका. मैद्यात मिसळून बराच वेळ भाजलेल्या अंड्यातली काही प्रथिनं बदलतात. त्यामुळे ॲलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना केक चालतो, पण बुर्जी किंवा अर्धकच्चं ऑम्लेट चालत नाही. घरी थोडं थोडं देऊन याची परीक्षा घेऊ नका. बऱ्याच मुलांची ॲलर्जी वाढत्या वयात जाते, पण ती गेली का हे ॲलर्जीतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच तपासावं. मोठेपणी ती नव्याने होणं क्वचितच घडतं.

३. तपासणी. त्वचेवरची प्रिक टेस्ट किंवा रक्तातील आयजीई या ॲलर्जीच्या प्रतिपिंडाची तपासणी लक्षणांशी जोडूनच वाचायची असते. आयजीजी या वेगळ्या प्रतिपिंडाच्या महागड्या पॅनेलवरून मात्र ॲलर्जी आहे की अंडं पचत नाही, यातलं काहीच ठरत नाही. श्वास लागला, आवाज बसला किंवा रुग्ण गळून गेला, तर १०८ ला फोन करा. अशा वेळी मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, ॲलर्जीची गोळी पुरत नाही.

४. पाकीट वाचा. आपल्याकडे अंडं मांसाहारी चिन्हाखाली येतं, म्हणून आधी तपकिरी त्रिकोण बघा. हिरवा ठिपका म्हणजे घटकांत अंडं नाही, पण 'मे कंटेन एग' तिथेही असू शकतं, कारण तीच मशीन अंड्याच्या बिस्किटांनाही वापरलेली असते. त्यामुळे घटकांच्या यादीखालची ॲलर्जीची ओळही वाचा. परदेशी मालावर अल्ब्युमिन, ओव्हाल्ब्युमिन, लायसोझाइम (११०५) हे शब्द शोधा. लायसोझाइम काही चीजमध्ये असतं. लेसिथिन (३२२) बहुधा सोयाचं असतं, क्वचित अंड्याचं.

सुट्या मालावर मात्र काहीच लिहिलेलं नसतं. ठाणे स्टेशनजवळच्या बेकरीत पफ घेताना 'अंडं आहे का?' एवढंच विचारलं तर उत्तर 'नाही' येऊ शकतं, कारण अंडं सारणात नसतं, वरून चकाकीसाठी फासलेलं असतं. म्हणून 'वरून अंडं लावलंय का?' असं विचारा. चायनीजच्या गाडीवर व्हेज फ्राइड राइस मागवतानाही कढई आणि झारा अंड्याच्या राइसलाही तोच वापरतात का, हे विचारा.