८० हर्ट्झचा नॉच ७४ वर का जाऊन बसतो?

ॲनालॉगमध्ये बसवलेला कंट्रोलर मायक्रोकंट्रोलरमध्ये उतरवायचा असेल, तर मी नव्या मुलांना आधी बायलिनियर, म्हणजेच टस्टिनची पद्धत शिकवतो. `s` च्या जागी हे ठेवायचं:

```
s = (2/T)*(z-1)/(z+1)
```

या पद्धतीत स्थिर कंट्रोलर स्थिरच राहतो, हा तिचा मोठा गुण. पण ॲनालॉगमधली शून्यापासून अनंतापर्यंतची सगळी फ्रिक्वेन्सी ती सॅम्पलिंगच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीपर्यंतच कोंबते. त्यामुळे जितकं वर जाल तितकी प्रत्येक फ्रिक्वेन्सी जास्त खाली सरकते. हेच वॉर्पिंग. साध्या पीआय कंट्रोलरला ते जाणवतही नाही. नॉच फिल्टरला मात्र जागा अचूक लागते.

अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात लूमचा ताण्याचा बीम सोडणाऱ्या सर्व्होचं काम होतं. रेझोनन्स ८० हर्ट्झला, सॅम्पलिंग २ मिलिसेकंदांनी. आधीच्या कोडमध्ये नॉच होता, तरी बीम घुमायचा. जॉबर म्हणाले, "सर, आवाज हाय तसाच हाय की ओ."

गणित करून बघा. डिजिटल फ्रिक्वेन्सी अशी निघते:

```
wd = (2/T)*atan(wa*T/2)
```

८० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५०२.७ रेडियन. `T` ०.००२ घेतला की `wd` ४६५.८ येतो, म्हणजे ७४.१ हर्ट्झ. नॉच सहा हर्ट्झ खाली बसला होता आणि रेझोनन्स मोकळाच होता. त्याच कोडमध्ये १० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी ९.९९ वर येते, म्हणून पीआयचा भाग बरोबर चालला होता आणि संशय नॉचवर जात नव्हता.

उपाय प्रीवॉर्पिंगचा. सूत्र उलटं वापरून ॲनालॉग नॉच आधीच ८७.५ हर्ट्झला धरायचा, म्हणजे रूपांतरानंतर तो नेमका ८० वर येतो. मॅटलॅबमध्ये:

```
opt = c2dOptions('Method','tustin','PrewarpFrequency',2*pi*80);
Cd = c2d(C,0.002,opt);
```

इथे `C` मूळचा ८० हर्ट्झचाच द्यायचा, सरकवण्याचं काम `c2d` करतं. आकडा रेडियनमध्ये हवा. नुसतं ८० टाकलं तर एरर येत नाही आणि नॉच पुन्हा ७४ च्या आसपास जातो. म्हणून लूमला हात लावण्याआधी कोडला ८० हर्ट्झची साइन देऊन आउटपुट दबतं का, ते बघूनच घ्या.

प्रीवॉर्पिंगने जुळते ती एकच फ्रिक्वेन्सी. नॉचची रुंदी तरीही आकसते, इथे सुमारे १६ टक्के. बीम रिकामा होत गेला की त्याचं जडत्व घटतं आणि रेझोनन्स वर सरकतो, म्हणून ही रुंदी महत्त्वाची. डिझाइनमध्येच नॉच १.१९ पट रुंद धरावा. प्रोसेसरला झेपत असेल तर सॅम्पलिंग १ मिलिसेकंदावर आणणं मला जास्त पसंत: मग आकसणं ४ टक्क्यांवर येतं, आणि प्रीवॉर्पिंग न करताही नॉच ७८.४ ला बसतो.